सतरावा अपवाद

काकूंनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एक बिल दोनदा दिलं, आणि ते मी पकडलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. आपण आता नीट, सुरुवातीपासून सुरू करू.

आमची कंपनी आपोआप सरकणारे काचेचे दरवाजे बनवते. दवाखान्यात, मॉलमध्ये असतात ते. माणूस समोर आला की बाजूला होतात. आमच्या स्वतःच्या ऑफिसचा दरवाजा मात्र हातानं ढकलावा लागतो आणि तोही जरा खांदा लावून. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

मी अंतर्गत ऑडिट विभागात आहे. विभागात ऑडिटचे साहेब, मी आणि एक रिकामी खुर्ची असे तिघे जण आहोत. खुर्चीची जागा मंजूर झालेली आहे, तिच्यावर बसणारा माणूस मंजूर व्हायचा आहे. वर्षातून एकदा आम्ही चाळीस हजार बिलांतली साठ बिलं काढून तपासायचो आणि ती साठ बरोबर निघाली की उरलेल्या एकोणचाळीस हजार नऊशे चाळीस बिलांवर मनापासून विश्वास ठेवायचो.

बिलांचं खातं काकू बघायच्या. काकू कोणाच्याच काकू नाहीत, पण चेअरमनसकट सगळे त्यांना काकू म्हणतात. पुरवठादाराचं बिल आलं की ते खरेदीच्या ऑर्डरशी जुळवायचं, माल आल्याच्या पावतीशी जुळवायचं, नोंद करायची आणि शुक्रवारी पैसे सोडायचे, हे त्यांच्या विभागाचं काम. काकूंची त्यात एक खासगी पद्धत होती. बिलाची नोंद झाली की त्या मूळ कागदाचा उजवा वरचा कोपरा आत दुमडायच्या आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायच्या. कोपरा दुमडलेला, म्हणजे हे बिल झालं. कोपरा सरळ, म्हणजे व्हायचंय. सगळं स्कॅन होऊन कॉम्प्युटरवर यायला लागलं तरी काकू मूळ कागद मागवून घ्यायच्या आणि कोपरा दुमडायच्या. नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जायच्या: बाथरूम जिन्याच्या डावीकडे आहे, आणि काकूंच्या टेबलावरून बिल दोनदा जात नाही.

एकतीस वर्षांत एकदाही नाही. काकू बोलून दाखवायच्या नाहीत, पण कोणी त्यांच्यासमोर बोललं की चष्मा काढून पुसायला घ्यायच्या. त्या पाच महिन्यांनी निवृत्त होणार होत्या आणि मोठ्या साहेबांनी, म्हणजे अर्थविभागाच्या प्रमुखांनी, पितळेच्या पाटीवर काय कोरायचं ते तेव्हाच ठरवून टाकलं होतं: "एकतीस वर्षं. एकही बिल दोनदा नाही."

मग मोठे साहेब एका परिषदेला गेले आणि तिथून एक कापडी पिशवी आणि एक कल्पना घेऊन आले. पिशवी त्यांनी ऑडिटच्या साहेबांना दिली आणि कल्पना मला.

"सतत ऑडिट," ते म्हणाले. "वर्षातून एकदा नाही. रोज. साठ बिलं नाहीत. सगळी. मशीनच बघेल आणि काही वावगं दिसलं की आपल्याला सांगेल. तुला प्रोग्रॅमिंग येतं ना?"

"थोडंफार," मी म्हणालो.

"मग झालं तर."

आमच्या कंपनीत 'मग झालं तर' म्हणजे बजेट नाही.

दोन महिने खपून मी ते केलं. रोज सकाळी सहाला माझा प्रोग्रॅम आदल्या दिवसाच्या सगळ्या नोंदी उचलायचा आणि जुन्या नोंदींशी ताडून बघायचा. तोच पुरवठादार, तोच बिल नंबर? तीच रक्कम, तीच तारीख, नंबर जरा वेगळा? नंबरातल्या रेघा, मोकळ्या जागा आणि सुरुवातीची शून्यं काढून टाकली तर उरतो तो आकडा एकच आहे का? शून्याच्या जागी कोणी 'ओ' अक्षर टाइप केलंय का? ज्या जोडीचा संशय येईल ती 'अपवाद' म्हणून यादीत पडायची. तो अपवाद कोणीतरी तपासून, कारण आणि पुरावा जोडून बंद करेपर्यंत त्या बिलाचे पैसे शुक्रवारी सुटायचे नाहीत. आणि ज्यानं नोंद केली त्यानं आपला अपवाद आपणच बंद करायचा नाही, हा नियम.

चाचणी म्हणून मी आधी मागची तीन वर्षं त्यात घातली. पहिल्याच सकाळी यादीत एक हजार एकशे सेहेचाळीस अपवाद होते, आणि प्रोग्रॅमनं मी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाची वेगळी ईमेल बिल विभागाला पाठवली होती.

नऊ वाजून दहा मिनिटांनी बिल विभागाचे प्रिंटर, फोन आणि माणसं एकाच वेळी बंद पडली. साडेनऊला माझं नाव 'भोंगा' पडलं. ते नाव आता माझ्या ओळखपत्रावर सोडून सगळीकडे आहे.

दहाला काकू आल्या. एका हातात चहा, दुसऱ्या हातात छापलेल्या ईमेलांचा गठ्ठा. त्यांनी रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या. मंजुरीशिवाय त्या खुर्चीवर बसलेलं ते पहिलं माणूस.

"भोंग्या, हे तू पाठवलंस?"

"मशीननं पाठवलं, काकू."

"मशीनला आई-बाप असतो की नाही?"

"मीच."

"मग बाळाला जरा वळण लावायला बसू या," काकू म्हणाल्या आणि पहिला कागद उचलला. "हे गोदामाचं भाडं. दर महिन्याला तेवढंच असणार. घरमालक आपल्यासाठी दर महिन्याला वेगळी रक्कम शोधून काढणार आहे का? पुढचं. हे लिफ्टवाल्याचे हप्ते, सहा, सगळे सारखे. पुढचं. आणि हे सगळे ठिपके."

ठिपक्यांची भानगड मला तेव्हा कळली. आमची हिशेबाची प्रणाली तोच पुरवठादार आणि तोच बिल नंबर दिसला की नोंद घ्यायलाच नकार देते. चांगली गोष्ट आहे. पण कित्येक छोटे पुरवठादार नवीन वर्षी पुन्हा एक नंबरपासून मोजायला लागतात. त्यांचं यंदाचं बिल नंबर सात आणि गेल्या वर्षीचं बिल नंबर सात, दोन्ही खरी. प्रणाली अडून बसते. म्हणून बिल विभागातली मंडळी नंबरापुढे एक ठिपका द्यायची. 'सात ठिपका'. प्रणालीला तो नवा नंबर वाटायचा आणि सगळे आपापल्या घरी जायचे.

"म्हणजे उद्या खरंच एखादं दुबार बिल आलं, आणि प्रणालीनं अडवलं, तर त्यालाही ठिपका दिला की गेलं आत?" मी विचारलं.

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"गेलं आत," त्या म्हणाल्या. "ठिपका बंद. आजपासून नंबरापुढे वर्ष लिहायचं. मी सांगते पोरांना. आणि तुझ्या बाळाला सांग, ठिपका दिसला की अजून जोरात ओरड."

त्या दिवसापासून रोज अकरा ते बारा काकू आमच्याकडे. त्या एकेका अपवादाची कुंडली सांगायच्या आणि मी नियम दुरुस्त करायचो. भाडं आहे म्हणून सरसकट सोडायचं नाही. बिलावरचा महिना वेगळा असेल तरच सोडायचं. हप्ता आहे, तर करारात किती हप्ते लिहिलेत ते बघायचं आणि त्याच्या पुढचा एकही आला तर ओरडायचं. दोन आठवड्यांत एक हजार एकशे सेहेचाळीसचे रोजचे नऊ झाले, महिन्यात रोजचे तीन.

आणि दीड महिन्यानं, एका गुरुवारी, भोंगा खरा वाजला. खोकीवाल्याचं दोन लाख अकरा हजारांचं बिल. एकदा पोस्टानं, एकदा ईमेलनं. एकात नंबर तीन शून्यांसकट, दुसऱ्यात शून्यं गाळून. पहिल्याचे पैसे आदल्या शुक्रवारी गेलेले, दुसरं दुसऱ्या दिवशी जाणार होतं. मालाची पावती एकच होती, दुसरी जोडली होती ती भलत्याच खोक्यांची. काकूंच्या विभागातल्या मुलीनं घाईत ती निवडली होती.

काकूंनी पैसे थांबवले, पावती काढून टाकली, नोंद उलटवली. मग माझ्या मॉनिटरवर अंगठ्याचं नख फिरवलं. वर, उजव्या कोपऱ्यात.

"वाचलो," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं वाचली. तुझा पोरगा गुणी आहे हं, भोंग्या."

मला इतका अभिमान वाटला की मी घरी जाऊन आईला सांगितलं. माझ्या नोकरीबद्दल आईला आजवर एवढंच कळलं होतं की तिथे एसी आहे.

"म्हणजे तुझं मशीन नक्की करतं काय?"

"एकदा होऊन गेलेली गोष्ट कोणी परत करायला लागलं की ओरडतं."

आईनं बाबांकडे बघितलं. बाबा आत्याला फोनवर त्यांच्या हरवलेल्या सायकलचा किस्सा सांगत होते.

"घरी घेऊन ये एक," आई म्हणाली.

आता खरी गोष्ट. काकूंची नोकरी संपायला तीन आठवडे होते. त्या रिकाम्या खुर्चीत बसून पाय हलवत होत्या.

"भोंग्या, तुझं बाळ एका पुरवठादाराची बिलं त्याच्याच बिलांशी ताडतं. बरोबर?"

"हो."

"आणि तोच माणूस दोन नावांनी आपल्याकडे असला तर?"

"तर नाही सापडणार."

"माणसं नाव बदलतात, पत्ता बदलतात, दुकानाची पाटी बदलतात. बँकेतलं खातं बदलायला मात्र आळस करतात. फार फॉर्म भरावे लागतात ना. तू नाव बघूच नकोस. पैसे कुठल्या खात्यात जातात ते बघ."

हे मला सुचायला हवं होतं. मला नाही सुचलं. मी तो नियम दुपारपर्यंत लिहिला: पुरवठादाराचे कोड, म्हणजे प्रणालीतले त्याचे ओळख-नंबर, वेगळे, पण बँकेचं खातं एकच, रक्कम सारखी आणि तारखा जवळच्या. गेल्या तीन वर्षांवर चालवला. स्वच्छ.

"मागे जा अजून," काकू म्हणाल्या. "आठ वर्षं जा. घाबरतोस कशाला, माझंच टेबल आहे." आणि चष्मा पुसत खाली गेल्या.

मी आठ वर्षं मागे गेलो. सतरा अपवाद आले. सोळा ठीक होते: एकाच मालकाची दोन दुकानं, वेगवेगळा माल, कागद जागेवर.

सतरावा होता आमच्या काचवाल्याचा.

सहा वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसला आमचाच आपोआप उघडणारा दरवाजा होता. एका सकाळी चेअरमन त्यांच्या नेहमीच्या वेगानं आले, दरवाजा उघडला नाही, आणि चेअरमन आले ते आलेच. त्यांच्या नाकाला काही झालं नाही. दरवाजा गेला. तासाभरात काचवाला आला आणि हातानं ढकलायचा साधा दरवाजा बसवून गेला. काम इतकं तातडीचं की खरेदीची ऑर्डर नाही, मालाची पावती नाही, नुसतं बिल. नंबर दोनशे एकोणतीस, रक्कम शेहेचाळीस हजार दोनशे पन्नास. म्हणजे जुळवायला हातात दुसरं काही नाही. सगळी भिस्त बघणाऱ्याच्या डोळ्यांवर.

आणि बघणाऱ्या काकू त्या दोन दिवसांत डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या होत्या.

त्यांच्या जागी बसलेल्या मुलानं स्कॅनवरून नोंद केली. काचवाल्याच्या जुन्या कोडवर, कारण त्याला तोच माहीत होता. काचवाल्याच्या दुकानाचं नाव आधी 'आणि सन्स' होतं. दोन्ही सन्स नोकरीला लागल्यावर त्यानं ते 'ग्लास वर्ल्ड' केलं. खरेदी विभागानं ग्लास वर्ल्डला नवा कोड दिला आणि जुना बंद करायचा विसरले. काकू परत आल्या. ट्रेमध्ये मूळ कागद होता. कोपरा सरळ. त्यांनी नव्या कोडवर नोंद केली. कोड वेगळा म्हणून प्रणाली काही बोलली नाही. काकूंनी कोपरा दुमडला आणि नख फिरवलं.

बिल दोनदा गेलं. दुसऱ्यांदा काकूंच्या हातून.

मी स्क्रीनकडे बघत बसलो. नोंद काकूंची, म्हणजे अपवाद काकू बंद करू शकत नव्हत्या. तो माझ्याकडे आला होता. खाली दोन बटणं: 'खरा' आणि 'खोटा इशारा'. खोटा इशारा दाबला की कारणांची यादी उघडते. शेवटचं कारण 'इतर'. मी 'इतर' निवडलं आणि समोरच्या चौकटीत लिहिलं: 'दरवाजा खूपच मोठा होता.' मग पुसलं. लिहिलं: 'दोन दरवाजे.' तेही पुसलं. ऑफिसला एकच दरवाजा आहे, मी रोज त्याला खांदा लावतो.

काही न दाबता घरी गेलो. जेवताना आईला सांगितलं.

"चूक त्यांची आहे का?" आईनं विचारलं.

"अर्धी. पण पाटी कोरून तयार आहे गं. तीन आठवड्यांनी सगळ्यांसमोर देणार. आणि त्यांच्याकडे मिरवण्यासारखं तेवढं एकच आहे."

"त्यांना नियम कोणी सुचवायला सांगितला होता?"

"कोणीच नाही."

"मग त्या बाईला काय ते कळू दे की," आई म्हणाली. "आणि आधी त्यांना सांग. तुझ्या त्या ईमेलनं नको."

बाबा म्हणाले, "माझी सायकल हरवली होती तेव्हा..." आणि आई आणि मी एकदमच ओरडलो. घरी मशीनची गरज नाही हे त्यावरून सिद्ध झालं.

सकाळी मी काकूंच्या टेबलापाशी गेलो. "काकू, सतरावा अपवाद," मी म्हणालो आणि कागद ठेवला.

काकूंनी वाचला. पुन्हा वाचला. उठल्या, जुन्या खोक्यांच्या खोलीत गेल्या आणि वीस मिनिटांनी केसांना धूळ लावून परत आल्या. हातात मूळ बिल. कोपरा दुमडलेला, सहा वर्षांपूर्वीच्या नखाची घडी तशीच धारदार.

"पहिली नोंद तुमची नाही," मी घाईनं म्हणालो. "त्या मुलानं कोपरा दुमडायला हवा होता. म्हणजे तसं बघितलं तर—"

"त्याच्या हातात कागदच नव्हता, तर दुमडणार काय? स्क्रीन?" काकू म्हणाल्या. "त्याचं बिल बरोबर गेलं. बिल दोनदा जातं ते दुसऱ्यांदा जातं, भोंग्या. दुसऱ्यांदा मी होते."

त्यांनी फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि काचवाल्याला लावला.

"कोण, काकू? अरे वा! फुटला का दरवाजा?"

"दरवाजा धडधाकट आहे. सहा वर्षांपूर्वीचं तुमचं बिल, दोनशे एकोणतीस. त्याचे पैसे तुम्हाला दोनदा आलेत का?"

"आलेत की."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोलायचं काय त्यात? मला वाटलं, आगाऊ दिलेत. चेअरमनसाहेबांची चाल मी स्वतः बघितलीय. वहीत लिहून ठेवलंय मी, 'पुढच्या धडकेसाठी जमा'. दरवर्षी नव्या वहीत उतरवतो. रक्कम तशीच आहे, हात नाही लावला."

"खात्याचा उतारा पाठवा. आणि पैसे परत करा."

"धडकणार नाहीत म्हणता आता?"

"त्यांचं वय झालं," काकू म्हणाल्या.

काकूंनी फोन ठेवला. सगळा बिल विभाग कॉम्प्युटरमागे डोकं घालून बसला होता आणि एकही कीबोर्ड वाजत नव्हता. मला वाटलं, आता काकू रडतील. मी खिशात रुमाल चाचपडत होतो. हातात मेट्रोचं जुनं तिकीट आलं.

"खात्याचा नियम कोणाचा?" काकूंनी विचारलं.

"तुमचा."

"आठ वर्षं मागे जा कोण म्हणालं?"

"तुम्ही."

"मग रिपोर्टमध्ये तसं लिही. नियम सुचवणारी, मी. सापडलेली, मी. क्रम हाच ठेव." आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. एकतीस वर्षांत त्यांना इतका वेळ चष्मा पुसताना मी बघितलं नव्हतं. खरं तर मी त्यांना दोनच वर्षं ओळखतो, पण तरीही.

तेव्हा सुरुवातीच्या, तुम्ही न वाचलेल्या वाक्यात एक दुरुस्ती: ते मी पकडलं नाही.

मी 'खरा' दाबलं. आठवड्यानं शेहेचाळीस हजार दोनशे पन्नास परत आले. जुना कोड बंद झाला. एक खातं, एक कोड, असा नियम खरेदी विभागालाही लागू झाला. तिथे त्या दिवशी काकूंचं नाव जरा वेगळ्या सुरात घेतलं गेलं.

मोठ्या साहेबांनी रिपोर्ट वाचून आम्हाला बोलावलं. त्यांच्या टेबलावर पाटी चकचकत होती.

"काकू, सहा वर्षं जुनी गोष्ट. पैसे परत आलेत. हा एक परिच्छेद गाळला तर कोणाचं काय अडतंय? पाटी कोरून झालीय हो."

"पाटीसाठी रिपोर्ट बदलायचा?"

"बदलायचा नाही. आखूड करायचा."

"साहेब, ही पाटी मी घरी भिंतीवर लावली की रोज तिच्याखालून जाताना मला ठिपका दिल्यासारखं वाटेल," काकू म्हणाल्या. "नवी करा. मजकूर मी देते."

मजकूर असा: "एकतीस वर्षं. एकच बिल दोनदा. तेही त्यांनीच शोधलं."

मोठ्या साहेबांनी तो वाचला, खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि उभं का राहिलो हे न कळल्यामुळे खिडकी उघडून पुन्हा बसले.

काकूंच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, यादीत एकच अपवाद होता. पाटी कोरणारा. बिल एकशे अठरा आणि बिल एकशे अठरा-अ. रक्कम सारखी, तारीख सारखी, मालाचं वर्णन दोन्हीकडे 'पितळी पाटी, एक नग'. नोंद दुसऱ्या मुलीची होती, म्हणून बंद करायचा अधिकार काकूंना होता. त्यांनी मोठ्या साहेबांच्या केबिनमधून दोन्ही पाट्या मागवल्या, दोन हातांत धरून वजन बघितलं आणि दोन्हींवरचा मजकूर मोठ्यानं वाचला.

"दोन नग. वेगळा माल. खोटा इशारा," त्या म्हणाल्या.

"पण पहिली तर चुकीची आहे ना?" त्या मुलीनं विचारलं.

"चूक आपली. त्यानं सांगितलं तेच कोरलं. त्याचे पैसे द्यायचे." काकूंनी कारण लिहिलं, पुरावा म्हणून दोन्ही पाट्यांचा फोटो जोडला, अपवाद बंद केला. मग दोन्ही बिलांचे कोपरे दुमडले. दुमडायच्या आधी, मी बघितलं, पुरवठादाराचा कोड बोट ठेवून वाचला. दोन्हींचा.

दुपारी चेअरमननी नवी पाटी दिली. टाळ्या इतक्या वाजल्या की खालच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं बघायला आलं. काकूंनी भाषण केलं नाही. पाटी उलटी करून मागे स्क्रू कुठले लागतील ते बघितलं आणि मला म्हणाल्या, "बाळाला सांभाळ, भोंग्या. आणि नऊ वर्षं मागे जा कधीतरी. माझं वेळेअभावी राहिलं."

जुनी पाटी कोणी टाकून द्यायला तयार होईना. शेवटी ती शिपाईमामांनी मुख्य दरवाजाखाली अडसर म्हणून सरकवली. चांगली जड आहे. आता आमचा दरवाजा सकाळी नऊपासून आपोआप उघडा असतो, आणि चेअरमन पूर्ण वेगानं आत येतात.

रिकामी खुर्ची अजून माझ्या शेजारी आहे. सोमवारी अकरा वाजता मी तिच्यासमोर चहा ठेवला, बारा वाजता मीच प्यायलो आणि खालील अर्ज टाइप करून पाठवून दिला.

प्रति,
प्रमुख, मनुष्यबळ विभाग.

विषय: एका निवृत्तीची नोंद रोखून धरण्याबाबत.

महोदय,
बिल विभागाच्या माजी प्रमुखांच्या निवृत्तीची नोंद आपल्याकडून गेल्या शुक्रवारी झालेली आहे. सदर नोंद तपासली असता तिच्यासोबत कोणताही पुरेसा पुरावा जोडलेला आढळला नाही. संबंधित व्यक्तीचं काम संपल्याचं कोणत्याही यादीवरून सिद्ध होत नाही. सबब सदर निवृत्ती 'अपवाद' म्हणून वर्ग करून पडताळणी पूर्ण होईपर्यंत रोखून धरावी. पडताळणीचं काम गुंतागुंतीचं असल्यानं ते ऑडिट विभागातील मंजूर व रिकाम्या खुर्चीवर बसून, रोज अकरा ते बारा या वेळात, काकूंनीच करावं. या कामासाठी एकतीस वर्षांची मुदत मिळावी, ही नम्र विनंती.